सातव्या भागातलं विमान

रोशनीचं डोकं तापलं की ती आधी गप्प होते आणि मग तोंड सोडते, हे रोडपालीच्या त्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत सगळ्यांना ठाऊक होतं. मालक परेशला तर चांगलंच. तरी या पठ्ठ्याने तिला न विचारता शेवटच्या भागात विमान घातलं. लाज कशी नाही वाटली, कोण जाणे!

मालिका रोशनीची. तीन-तीन मिनिटांचे सात कार्टून भाग. गावच्या बांधाची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं दार, रात्रीत कुणीतरी उघडतं आणि खारं पाणी शेतात शिरतं. कुणी उघडलं ते पोरं शोधतात. प्रत्येक भाग नव्या माणसावर संशय टाकून थांबतो. खरं तर काशिराम आजोबांनी सगळं पाहिलेलं असतं. पण ते "त्या रात्री मी..." म्हणाले रे म्हणाले, की पहिल्या भागात कुकरची शिट्टी होते, दुसऱ्यात बकरी धोतर ओढते, तिसऱ्यात नळाला पाणी येऊन सगळे हंडे घेऊन पळतात, चौथ्यात डोक्यावरून विमान जातं. अडथळा दर वेळी नवा, आधीपेक्षा मोठा. पाचव्यात तिने तो विनोद मुद्दाम गाळला, नाहीतर लोक कंटाळतात. सहाव्याच्या शेवटी कुकर बंद, बकरी बांधलेली, सगळे आजोबांसमोर गप्प. ते तोंड उघडतात आणि भाग संपतो. सातव्यात ते बोलतात. त्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

आजोबांचा आवाज तिच्या वडिलांचा, दयारामांचा. त्यांचं मिठागर हातचं गेलं तेव्हा हा माणूस कचेऱ्यांचे उंबरे झिजवून आला, पण त्यांचं पुरतं ऐकून कुणी घेतलं नाही. सातव्या भागातलं बोलणं त्यांनी एका दमात म्हटलं होतं. आज तो भाग बघायला ते मुद्दाम आले होते.

पडद्यावर आजोबांनी तोंड उघडलं आणि घरघरत विमान गेलं. नुसते ओठ हलले. परेश एकटाच हसला. लोकांना हेच हवंय, म्हणाला, आजोबा बोलले की संपलं, मग दुसरा सीझन कशावर काढायचा? रोशनीने त्याला फैलावर घेतलं. आजोबांवर इतकं हसवलं ते शेवटी त्यांचं ऐकवायचं म्हणून. नाही ऐकवलं, तर ती म्हाताऱ्याची टिंगल आणि बघणाऱ्यांची फसवणूक. परेशने मोबाइलवरून नजरही न काढता दयारामना विचारलं, आवडलं ना?

"आवडला," दयाराम म्हणाले. "खरा हाय. माझा कोनी आयकला नाय, मंग याचा कशाला आयकतील?"

परेश खूश झाला. बघ, काकाच सांगतायत, म्हणत त्याने संपादन करणाऱ्या कुंदनला भाग अपलोड करायला सांगितलं.

रोशनीच्या अंगाचा तिळपापड झाला. परेशपेक्षा वडिलांचाच राग आला तिला, ते इतक्या सहज म्हणाले म्हणून. तिने कुंदनच्या माउसवर हात ठेवला.

"बाबांनी सोडून दिलं असेल. मी नाही सोडलेलं. विमान काढ."

कुंदनने परेशकडे पाहिलंही नाही. त्याने विमानाचं चित्र आणि आवाज दोन्ही पुसले. खाली दबलेलं बोलणं जसंच्या तसं होतं, ते त्याने सुरू केलं. दयाराम निघायला उठले होते. ते स्वतःचं बोलणं पुरतं संपेपर्यंत दारातच उभे राहिले.