डेर मोमेंट, दास मोमेंट

लग्नानंतर बारा वर्षं मी पॉलिटेक्निकमध्ये अप्लाइड मेकॅनिक्स शिकवलं. ह्यांना जर्मनीत ड्रेस्डेनच्या चिप कारखान्यात नोकरी लागली आणि मुलीला घेऊन आम्ही तिघं इकडे आलो. दोन वर्षं भाषेचे वर्ग झाले. मग एका लहानशा ऑफिसात मला काम मिळालं, पण इंजिनियरचं नाही, ड्रॉइंग काढायचं. ऑफिस सात माणसांचं. पोलादी तुळया, ब्रॅकेटं, पाइपांचे आधार, असलं आम्ही करायचो. हिशेब दुसरे करत, मी त्यांची चित्रं काढी. सहा महिन्यांची प्रोबेत्साइट होती, म्हणजे अजमावून बघायचा काळ. त्यातला चौथा महिना चालू होता.

त्या मंगळवारी माझ्यापुढे एक तुळई होती. एका टोकाला काँक्रीटच्या भिंतीत बोल्टांनी धरलेली, दुसरं टोक मोकळं, लांबी दोन मीटर चाळीस. तिच्यावर तीन यंत्रं: भिंतीपासून अर्ध्या मीटरवर ६ किलोन्यूटन, एक मीटर वीसवर ४, दोन मीटरवर ५. तुळईचं स्वतःचं वजन वेगळ्या पानावर होतं. बोल्ट देणाऱ्या फर्मला या तीन भारांशी देणंघेणं नसतं. त्यांना दोनच आकडे लागतात, एक परिणामी बल, म्हणजे सगळ्या भारांची बेरीज, आणि एक बलयुग्म, म्हणजे वळवणारा जोर, त्यावरून ते बोल्ट निवडतात. ते पान दुपारी बारा वाजता जायचं होतं. त्यालाच माझं ड्रॉइंग जोडायचं होतं.

पानावर लिहिलं होतं: १५ किलोन्यूटन, ०.२ किलोन्यूटन-मीटर. आणि त्या आकड्यांचा बाण भिंतीवर काढलेला.

पंधरा बरोबर. सहा, चार, पाच. पण शून्य पूर्णांक दोन? जवळजवळ अडीच मीटर बाहेर आलेल्या तुळईच्या मुळाशी इतकं थोडं वळण? वर्गात मी फळ्यावर बाण काढायचे तशी बोटं टेबलावर फिरली. सहा गुणिले अर्धा तीन, चार गुणिले एक पूर्णांक दोन म्हणजे चार पूर्णांक आठ, पाच गुणिले दोन दहा. बेरीज १७.८.

मग ०.२ आलं कुठून, हे शोधायला पाच मिनिटं गेली. आकडा चुकीचा नव्हता. तो तुळईच्या मध्याभोवती घेतलेला होता. तिथे सहाचं वळण भिंतीकडे ४.२, पाचचं मोकळ्या टोकाकडे ४, आणि चार बरोबर मध्यावर, म्हणून शून्य. उरलं ०.२. म्हणजे पंधराचं बल मध्यावर ठेवलं तर सोबत ०.२ पुरतं. तेच बल भिंतीवर आणलं तर सोबत १७.८ द्यावं लागतं. बलयुग्म कुठेही सरकवलं तरी बदलत नाही, पण बल सरकवलं की बलयुग्म बदलतं. पानावर "संदर्भबिंदू" असा एक रकाना होता. आकडा कुठल्या बिंदूभोवतीचा ते तिथे लिहायचं असतं. तो रिकामा होता.

माझ्या वर्गात कुणी बिंदू न लिहिता मोमेंट, म्हणजे हे वळण, काढला की मी शून्य गुण द्यायचे. मुलं म्हणायची, "मॅडम, आकडा तर बरोबर आहे!" मी म्हणायचे, "कुठला आकडा?" आता तेच पान समोर होतं, फक्त त्यावर बोल्ट बसणार होते आणि त्या तुळईखालून माणसं ये-जा करणार होती.

मी साहेबांच्या खोलीत गेले. साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. कानाशी फोन. हात करून त्यांनी विचारलं, काय? मी घाईत म्हणाले, "डेर मोमेंट इस्ट फाल्श." मोमेंट चुकलाय, असं मला म्हणायचं होतं.

त्यांनी मान डोलावली. "गुट, ठीक. मग नंतर या." आणि पुन्हा फोनवर.

मी जागेवर येऊन बसले. कान गरम झाले होते. मनात म्हटलं, ड्रॉइंगवालीने हिशेबात नाक खुपसलं ते त्यांना आवडलं नाही. गप्प बसावं का, हा विचार आला, हे मी लपवत नाही. घड्याळात दहा पन्नास. पंधरा मिनिटं मी नुसती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होते. मग एका पिवळ्या कागदावर भिंत काढली, तुळई, तीन बाण, खाली तीन गुणाकार आणि बेरीज. सव्वाअकराला तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी पाहिलं. चष्मा वर केला. पुन्हा पाहिलं.

"हे तुम्ही मघाशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. डेर मोमेंट इस्ट फाल्श."

ते टेबलावर हात आपटून हसले. "दास! दास मोमेंट! डेर लावलं की क्षण, वेळ; दास लावलं की बलाचा मोमेंट. मला वाटलं तुम्ही म्हणताय, वेळ चुकीची आहे, मी फोनवर आहे, नंतर येते! मी म्हटलं, किती सभ्य बाई!"

हिशेब करणाऱ्या तरुण सहकाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "पण माझा आकडा बरोबर आहे. कॉम्प्युटरच्या मॉडेलमध्ये मोजायचा शून्यबिंदू तुळईच्या मध्यावर आहे."

"गेनाऊ, तेच तर," मी म्हणाले. "मध्यावर बरोबर आहे. बोल्ट मध्यावर नाहीत."

तो कागदाकडे बघून लालबुंद झाला, पण भला मुलगा. "मग पंधरा आणि १७.८ टाकतो सगळीकडे. तुळई किती वाकते त्या पानावरही."

"तिथे नको. भिंतीला तीन भार काय नि हे दोन आकडे काय, सारखंच; तुळईला नाही. दोन्ही आकडे भिंतीवर ठेवलेस तर तुळईवर भारच उरत नाही. ती वाकणारच नाही, सरळच राहील, तू उभा आहेस तशी."

साहेब पुन्हा हसले. तो गेला. पाऊण वाजता नवं पान निघालं, पाऊण तास उशिरा. संदर्भबिंदूच्या रकान्यात लिहिलं होतं: भिंतीचा पृष्ठभाग. खाली दोन चौकटी असतात, हिशेब कुणाचा आणि तपासला कुणी. दुसऱ्या चौकटीत नेहमी साहेबांची आद्याक्षरं असत. त्यांनी पेन माझ्यापुढे धरलं. मी म्हणाले, "मी ड्रॉइंग काढते." ते म्हणाले, "तपासलं कुणी?"

मी माझी दोन अक्षरं घातली. त्यांचा मला आजही अभिमान वाटतो.

रात्रीच्या जेवणाला हे म्हणाले, "मग आज काय विशेष?" मी सगळं सांगितलं. ह्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ऐकलं आणि म्हणाले, "अगं, पण डेर कुठून आणलंस? आपल्याकडे मोमेंट 'घेतला' म्हणतात, पुल्लिंगी, म्हणून?"

"नाही. हिला विचारून." मुलगी दहा वर्षांची. मराठी तिला कळते, उत्तर जर्मनमध्ये येतं. गेल्या महिन्यात मी तिला शब्दांची लिंगं विचारली होती आणि ती न बघताच म्हणाली होती, डेर मोमेंट, आई, हे कुणालाही येतं.

"श्टिम्ट आउख!" ती म्हणाली, तेही बरोबरच आहे.

"तुझ्या मोमेंटला बरोबर आहे. माझा वेगळा आहे. दास."

तिने शब्दकोश आणला, ताटाशेजारी ठेवला, बोट फिरवलं. दोन्ही होते, एकाखाली एक. तिला दासवाला मोमेंट माहीत नव्हता. जर्मन शब्द, आणि आईला आधी माहीत. तिने शब्दकोश मिटला आणि, कधी नव्हे ते, मराठीत म्हणाली, "आई, दाखव ना, कसा काढतात."

मी ताट सरकवलं आणि एक कोरा कागद मागितला.