एकच वापरकर्ता

नंदुरबारच्या आमच्या तीन टेबलांच्या ऑफिसात मी अंगणवाडीच्या वजननोंदीचं अ‍ॅप सांभाळायचो. सोमवारी सकाळी क्रॅशलिटिक्स उघडायचं. अ‍ॅप कोसळलं की फोन स्वतःच त्याची तक्रार पाठवतो, आणि एकसारख्या तक्रारींचे गठ्ठे ते आपोआप बांधतं. किती वेळा आणि किती जणांकडे, हे दोन आकडे शेजारी. मोठा आकडा वर, म्हणजे विचार करण्याचे कष्टही वाचायचे.

त्या आठवड्यात सगळ्यात वर होता वजनाच्या आलेखाचा स्क्रीन. दोनशे वेळा कोसळलेला, वापरकर्ता एक. तालुक्याचे साहेब फोन आडवा करून आलेख बघत, आणि तो बंद पडला की पुन्हा आडवा करत. चिकाटी वाखाणण्यासारखी. तळाशी होती डोंगरातल्या धडगावकडची एक तक्रार. जन्मतारीख रिकामी असली की वय काढताना अ‍ॅप बंद. एकदा, एकीकडे.

"एकच जण शे, ऱ्हाऊ दे," माझा सहकारी म्हणाला. मी ती बंद करून टाकली आणि दोन दिवस साहेबांचा आलेख सरळ केला. आमच्या चाचणीतल्या प्रत्येक बाळाला जन्मतारीख होती, कारण ती आमच्या घरातली बाळं होती.

तीन आठवड्यांनी, ती तक्रार जिच्या फोनवरून आली होती त्या धडगावकडच्या अंगणवाडी सेविकाबाई जीप बदलत ऑफिसात आल्या. हातात तालुक्याच्या साहेबांची नोटीस. महिन्याची एकही नोंद नाही, कामावरून का काढू नये?

"वजनं केली होती," त्या म्हणाल्या. "अ‍ॅप बंद पडतं. मग बाजाराला उतरलो की अ‍ॅप फोनमधून काढून टाकतो, परत टाकतो. सगळ्याच तसं करतात. एका खेपेला मी काढण्याआधी एकदा उघडून बघितलं, तरी पडलंच."

मी बंद केलेली ती तक्रार पुन्हा उघडली. वर पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे कोसळल्याची तक्रार फोनमध्येच पडून राहते आणि रेंजमध्ये अ‍ॅप पुन्हा उघडलं की आमच्याकडे येते. अ‍ॅप काढून टाकलं की तक्रारही जाते, न पाठवलेली वजनंही. सगळ्या बायांमधून निसटून आलेली ती एकच तक्रार होती, आणि मी तिला किरकोळ ठरवलं होतं.

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या यादीत किती जणी?"

"एक."

"मग चूक बाईंचीच. तुम्हीच शिकवलंय ना आकडे वाचायला?"

शिकवलं होतं. चांगली तासभर शिकवणी घेतली होती, चहासकट.

मग मी पत्र लिहिलं: दोष अ‍ॅपचा आहे, बाकीच्या तक्रारी अ‍ॅपबरोबर पुसल्या गेल्या, आणि आलेली एकमेव तक्रार मी तीन आठवड्यांपूर्वी स्वतः पाहून बंद केली होती. सही केली. बाईंनी पत्र एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"म्हणजे तुम्हाला तीन आठवडे माहीत होतं?"

"हो," मी म्हणालो.