खोडलेली ओळ

दिग्रसजवळच्या आमच्या दोन शिक्षकी शाळेत मी मुख्याध्यापिका होते आणि पहिली-दुसरीला ती नवी बाई. तिने प्रसूती रजेचा अर्ज माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा मला आधी तिच्या अक्षराचं कौतुक वाटलं. प्रसूतीची अपेक्षित तारीख, रजा कधीपासून कधीपर्यंत, सोबत डॉक्टरांचा दाखला. मागच्या पानावर वर्गाचं हस्तांतरण: कोणाला जोडाक्षरं अडतात, कोण घरी कोलामी बोलतं म्हणून त्याला आधी चित्र दाखवावं. शेवटी एक ओळ होती, 'प्रवास झेपला नाही तर रजा आधी सुरू करण्यास मुभा मिळावी, ही नम्र विनंती.'

अर्ज पंचायत समितीत जायचा. तिथून त्रुटी काढून कागद परत आला की माझं डोकं फिरायचं. तीस वर्षांच्या नोकरीत मी मुलं कमी आणि त्रुटी जास्त सांभाळल्या. मी लाल पेनाने ती ओळ खोडली. अर्जात जर-तर चालत नाही, म्हटलं. शिवाय सत्र परीक्षा संपेपर्यंत थांब, रजेची तारीख तीन आठवडे पुढे घे. मी स्वतः नवव्या महिन्यापर्यंत एसटीने आले होते, हेही ऐकवलं. त्याचा मला फार तोरा होता.

तिने हो म्हटलं आणि दुपारच्या सुट्टीत अर्ज पुन्हा लिहून दिला.

परीक्षेच्या आठवड्यात तिचे पाय सुजलेले मी पाहिले. डोकं दुखतं असंही ती म्हणाली. मी चहा मागवला. दवाखान्यात जा, असं म्हणायला हवं होतं. सोमवारपासून रजाच आहे, तेव्हा दाखवीन, असं तीच म्हणाली आणि मला ते सोयीचं वाटलं.

शुक्रवारी ती आली नाही. रक्तदाब फार वाढला म्हणून तिला दिग्रसहून यवतमाळला हलवलं होतं. ती वाचली, बाळ गेलं. दोन दिवस आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाल्याचं तिच्या नवऱ्याने मला फोनवर सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो कोणाला सांगतो आहे.

ती नसताना मी तिचा वर्ग त्या मागच्या पानावरूनच घेतला. एकही मूल अडलं नाही. मला त्याची लाज वाटायची.

ती रुजू झाली त्या दिवशी हजेरीपटावर सही करून माझ्यासमोर बसली. मी कसंबसं म्हटलं, त्या अर्जाचं माझ्याकडून चुकलं.

"तसं नका म्हनू मॅडम," ती म्हणाली. "तारीख तर मीच बदलवली. अक्षर माहंच हाये."

घरीही तिने सगळ्यांना हेच सांगितलं होतं. सासू तिच्याशी बोलत नव्हती. खोडलेला पहिला अर्ज माझ्या कपाटात होता. तो घेऊन तिच्या घरी जायला मला अजून धीर झालेला नाही.