चार पॉइंट दहा

ऑफिसात तिला सगळे मावशी म्हणत. वय काही फार नव्हतं, पण त्या पोराटोरांच्या टीममध्ये दोन मुलांची आई म्हणजे मावशीच. कंपनी घरी वापरायची श्वसनयंत्रं बनवायची आणि त्यांतल्या सॉफ्टवेअरची प्रत्येक नवी आवृत्ती बाहेर सोडायचं काम मावशीकडे होतं.

तिचा एक हट्ट होता. नऊनंतर दहा काढायचं नाही. ३.९ झालं की सरळ ४.०. मावशीला दहाची ॲलर्जी आहे, अशी टीममध्ये चेष्टा चाले आणि तीही हसून सोडून देई. खरं कारण सर्व्हरवरच्या एका जुन्या प्रोग्राममध्ये होतं. घराघरांतली यंत्रं त्याला रोज विचारत, सगळ्यांत नवं कोणतं? तो सगळ्या आवृत्त्या क्रमाने लावून वरची सांगे. पण आकड्यांकडे तो आकडे म्हणून बघतच नसे, शब्दकोशातल्या शब्दांसारखं एकेक अक्षर ताडून बघे. ४.९ आणि ४.१० समोर आले तर चार सारखा, टिंब सारखं, पुढे नवासमोर एक. नऊ मोठा, विषय संपला. एकापुढे शून्य आहे, हे बघायची वेळच येत नसे.

प्रोग्राम लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. चालत्या गाड्याला हात कोण लावणार? मावशीनेही लावला नाही. दहा येऊच द्यायचा नाही, एवढं तिने पाळलं. का, ते कुणाला सांगायचं राहून गेलं.

धाकटीला ताप भरला तेव्हा मावशी रजेवर होती. टीमच्या प्रमुखाचा फोन आला. नवी आवृत्ती तयार होती. जुनीत बॅटरी संपत आली तरी पडद्यावर अर्धी भरलेली दिसे, तो दोष काढला होता. ५.० म्हटलं तर मोठा बदल धरून पुन्हा मंजुरी घ्यावी लागेल, म्हणून ४.१० काढू का, असं तो विचारत होता. मावशीच्या हातात थर्मामीटर होता आणि पारा चढलेला होता. लेक ग्लानीत काहीतरी बरळत होती.

"कर रे बाबा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तपासणीत काहीच सापडलं नाही. तपासणाऱ्यांनी ४.१० थेट केबल लावून यंत्रात भरलं होतं, सर्व्हरला विचारायचा प्रश्नच आला नाही. ४.१० सर्व्हरवर चढलं आणि ४.९च्या खाली जाऊन बसलं. यंत्रं रोज विचारत राहिली, सर्व्हर रोज ४.९ सांगत राहिला.

लेकीचा ताप उतरला, मावशी कामावर आली. कितीजणांनी नवं घेतलं ते बघायला गेली तर एकानेही नाही. चहा निवायच्या आत तिने प्रोग्राम दुरुस्त केला. टिंबापाशी तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा संख्या म्हणून ताडायचा. चारला चार, मग नवापेक्षा दहा मोठा. एवढंच होतं ते. इतकी वर्षं एवढंच होतं.

पण आदल्या दिवशी श्वसनयंत्रावर असलेल्या एका म्हाताऱ्यांच्या घरात वीज गेली होती. पडद्यावर बॅटरी अर्धी दिसत होती, म्हणून त्यांची लेक शेजारच्या खोलीत आवराआवर करत राहिली. यंत्र बंद पडलं. म्हाताऱ्या वडिलांना दवाखान्यात नेलं, पण ते वाचले नाहीत.

त्या लेकीचा फोन आला तो मदतकक्षातल्या मुलीने घेतला आणि ऐकता ऐकता पांढरी पडली. प्रमुख धावत आला. अशा वेळी चौकशी होईपर्यंत कुणी काही बोलायचं नाही, असा वरिष्ठांचा दंडक होता.

"मावशी, तुम्ही यात पडू नका. ४.१० काढायचं मीच सुचवलं होतं."

"तुला माहीत नव्हतं. मला होतं," मावशी म्हणाली आणि तिने फोन घेतला.

पलीकडची बाई रडत नव्हती. तिला एकच गोष्ट विचारायची होती. ती रोज सकाळी अपडेटचं बटण दाबायची. रोज लिहून यायचं, तुमचं यंत्र अद्ययावत आहे. मग आपल्याकडून काय चुकलं?

"तुमचं काही चुकलं नाही, ताई. यंत्र अद्ययावत नव्हतं. नवं आमच्याकडे तयार होतं, आम्ही ते जुन्याखाली ठेवलं. यंत्राने तुम्हाला रोज खोटं सांगितलं."

"म्हणजे मी बटण दाबत होते तेव्हा ते तिथेच होतं?"

"हो."

मग बाईने नाव विचारलं. मावशीने आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि ती लिहून घेईपर्यंत पुन्हा एकदा, सावकाश.