अर्ध्या महिन्याचं भाडं

सतीशकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला, माझ्या लेकीच्या, प्रांजलीच्या घरी, दिवाळीच्या फराळाला. खोली माणसांनी भरली होती आणि तो बाल्कनीच्या दाराशी अशा बेतानं बसला होता की कुणाला त्याला "जरा सरका" म्हणावं लागू नये. पंचेचाळिशीचा माणूस. प्रांजलीच्याच कंपनीत इंजिनिअर. बायको मालिनी पुण्यात बँकेत नोकरीला.

मी शिक्षिका होते हे कळल्यावर तो मोबाइल घेऊन माझ्याजवळ आला. "काकू, एक मेल वाचता का? उर्मट वाटत नाही ना, एवढंच सांगा."

कंपनीनं दिलेली तात्पुरती खोली नोव्हेंबरच्या मध्यावर सोडायची होती. त्यानं दोन बेडरूमचं घर पाहिलं होतं, मालिनी नाताळात येणार म्हणून. तिला इथं आवडलं तर ती नोकरी सोडून यायचा विचार करणार होती. घरमालकीण हानेकेबाईंनी करारात नोव्हेंबरचं भाडं पूर्ण लिहिलं होतं, किल्ली मात्र सोळा तारखेला मिळणार होती. सतीशनं मेलमध्ये सुचवलं होतं, की महिन्याच्या भाड्याला तीस दिवसांनी भागून, सोळापासून पुढच्या दिवसांचंच भाडं द्यावं. डिपॉझिट ठरल्याप्रमाणे पूर्ण. हिशेब बरोबर होता. पण त्याच्या आधी तीन ओळी नुसत्या माफीच्या होत्या.

"अरे, घर भाड्यानं घेतोयस की वर्गाबाहेर उभा आहेस?" मी म्हटलं. माफी काढायला लावली. त्यानं एक ओळ तरी ठेवलीच.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "ठीक आहे. करार बदलून पाठवते." बस, एवढंच.

"रागावल्या," सतीश म्हणाला.

"हो म्हणाल्यात ना?" प्रांजली म्हणाली. "इथं लोक असंच लिहितात, सतीश."

"नावसुद्धा नाही लिहिलं माझं. चिक्कू माणूस मिळाला म्हणत असतील."

सोळा तारखेला तो राहायला गेला. किल्ली देताना हानेकेबाईंनी त्याला घर आणि पाणी तापवणारा बॉयलर दाखवला, कचऱ्याचे वार सांगितले आणि सायकलवरून निघून गेल्या. कॉफी घ्या म्हटलं, तर "आज नको" म्हणाल्या. त्याचाही त्यानं तोच अर्थ लावला.

डिसेंबरात मी त्याच्यासाठी लाडू घेऊन गेले. दार उघडलं तेव्हा त्याच्या अंगात जाकीट होतं आणि डोक्याला माकडटोपी.

"बाहेर निघालायस?"

"नाही. या ना."

आत बाहेरच्याइतकीच थंडी. बॉयलर आठवड्यापूर्वी बंद पडला होता. अंघोळ तो ऑफिसच्या जिममध्ये करत होता. सोफ्यासमोर विजेचा छोटा हीटर होता, आणि घरात जगण्याची जागा म्हणजे त्याच्यापुढची एक सतरंजी.

"बाईंना कळवलंस?"

"कसं कळवू, काकू? आल्या आल्या भाडं कमी करून घेतलं. आता लगेच दुरुस्ती मागायची?"

"आणि मालिनी? तिला या गारठ्यात ठेवणार?"

त्यानं हीटर जरा माझ्याकडे वळवला. "तिला सांगितलं, नंतर ये. ऑफिसात काम आहे म्हणालो. परवाच तिनं तिकीट रद्द केलं."

मी तिथंच बसून त्याला फोन लावायला सांगितलं. त्यानं स्पीकर सुरू केला. बॉयलरचं ऐकून हानेकेबाईंनी आधी विचारलं, कधीपासून? त्यानं सांगितल्यावर त्यांचा आवाज चढला. इतके दिवस गप्प का? दुरुस्ती माझ्याकडे असते, माहीत नाही का?

सतीश चाचरत इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही पहिल्या महिन्याचं भाडं कमी केलंत, म्हणून..."

मग त्या म्हणाल्या, "पण त्या दिवसांत तुम्ही इथं नव्हता. त्याचे पैसे मी कशाला घेऊ? मी दरवेळचा करार उचलून पाठवला होता. तुम्ही सांगितलंत ते बरं झालं." त्यांना या दोन गोष्टींचा संबंधच लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस आला, एक भाग बदलला, आणि संध्याकाळपर्यंत घर ऊबदार झालं. सतीशनं त्याच रात्री पुण्याला फोन केला. पण मालिनीनं रजा परत केली होती आणि तिच्या जागी दुसऱ्या कुणाची मंजूर झाली होती. आता वर्षअखेरीची कामं, मार्चपर्यंत सुटणं नाही. "तुला नकोच होतं का मी यायला?" तिनं विचारलं म्हणे. खरं कारण सांगितल्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली. विश्वास बसला की नाही, ते त्याला अजून कळलेलं नाही.

सतीश त्या घरात एकटाच राहतो. दुसऱ्या बेडरूममध्ये पलंग आहे, त्यावरच्या गादीचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.