खांद्यावरचा हात

आमच्या स्टुडिओत तिला सगळे कात्री म्हणतात, तेही तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नाही. धार आहे म्हणून नाव पडलं, असं ती स्वतःच सांगते.

पूर्वी ती ओळखपत्राचे फोटो काढणाऱ्या दुकानात होती. एका गिऱ्हाइकाने गालावरचा मस उडवायला सांगितला तेव्हा ही म्हणाली, "मस गालावर आहे, तो डॉक्टरांकडे न्या." नोकरी तिथेच संपली. आमच्याकडे आली ती हा स्वभाव बरोबर घेऊनच. आमचे मालक तिला घाबरतात, हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत आहे. मी शेजारच्या टेबलावर आवाजाचं काम करतो, त्यामुळे तिची भांडणं मला फुकटात ऐकायला मिळतात.

तिचा हातखंडा म्हणजे एकाच जुन्या फोटोत कॅमेरा फिरवणं. पुढचा माणूस कॉम्प्युटरवर कडेकडेने कापून वेगळ्या लेअरवर, म्हणजे वेगळ्या थरावर घ्यायचा. तो उचलला की मागे भोक पडतं, ते आजूबाजूची भिंत घेऊन भरायचं. मग माणूस कॅमेऱ्याच्या जवळ, भिंत लांब, आणि कॅमेरा हळूच बाजूला सरकवायचा. जवळचं जास्त सरकतं, लांबचं कमी, आणि मेलेल्या फोटोत जीव येतो.

एकदा कपाटांच्या दुकानाचे धाकटे मालक दुकानावर छोटी फिल्म करून घ्यायला फोटो घेऊन आले. दुकान उघडलं त्या दिवसाचा तो एकच फोटो. वडील तरुण, दुकानाच्या भिंतीसमोर उभे, आणि एक पाऊल मागे त्यांची थोरली बहीण, भावाच्या खांद्यावर हात ठेवून. दुकान तिनेच उभं केलं होतं. पुढे वाटणीवरून बिनसलं आणि येणंजाणं तुटलं.

"आत्या भिंतीबरोबर मागे टाका," धाकटे म्हणाले. "धूसर करा. कोण आहे ते कळायला नको."

कात्रीने सांगितलं तसं केलं. वडील पुढच्या लेअरवर, आत्या भिंतीच्या. पण खांद्यावरचा हात वडिलांच्या कोटावर होता, तो कोटाबरोबर पुढे आला. कॅमेरा सरकला, आत्या मागे राहिली आणि मनगटापासून तुटलेला पंजा खांद्यावर तसाच.

"मग हात पुसा," धाकटे म्हणाले.

"नाही पुसणार."

"भोक भरता की नाही तुम्ही? हेही भरा."

"भोक भरते, कारण माणसामागे भिंत होतीच, फक्त कॅमेऱ्याला दिसली नाही. हात कॅमेऱ्याला दिसलाय. दिसलेलं मी पुसत नाही."

आमच्या मालकांनी तिला बाजूला घेऊन समजावलं. गिऱ्हाईक जाईल म्हणाले. "जाऊ दे," ती म्हणाली, "कापणारा बाहेर कुठेही मिळेल त्यांना." मालकांनी कपाळाला हात लावला. मला मनातून फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी थोरले मालक, म्हणजे फोटोतले वडील आले, फिल्मसाठी स्वतःच्या आवाजात दुकानाची गोष्ट सांगायला. मुलगा बरोबर होताच. मी माईक लावत होतो आणि कात्रीच्या मोठ्या स्क्रीनवर तो तुटका हात पुन्हा पुन्हा सरकत होता.

"बंद कर ते," आमचे मालक दबक्या आवाजात म्हणाले.

"त्यांचाच फोटो आहे," कात्री मोठ्याने म्हणाली. "त्यांनी बघायला काय हरकत?"

थोरले स्क्रीनजवळ गेले. "अक्काचा हात असा कुणी तोडला?"

"मी कापला," कात्री मुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "यांनी सांगितलं म्हणून. पुसायलाही सांगितलाय. तो मी पुसणार नाही."

"पुसू नका. तिला पुढे आणा. माझ्याही पुढे."

मला वाटलं, झालं, कात्री जिंकली. पण ती कसली ऐकते. "तेही नाही करणार. त्या मागे उभ्या होत्या, मागेच राहतील. फक्त तुमच्याच लेअरवर घेते. दोघं बरोबर सरकाल."

म्हातारा हसला. "अक्काही अशीच. माझं एक ऐकायची नाही."

कात्रीने तिथेच बसून दोघांना एकत्र कापलं, मागची भिंत भरली आणि लावून दाखवलं. कॅमेरा सरकला. भिंत मागे राहिली, हात खांद्यावरून हलला नाही.

मी हेडफोन पुढे केले. थोरल्यांनी ते घेतलेच नाहीत. "माझा आवाज नको. दुकानाची गोष्ट तिची आहे, ती सांगेल."

"आत्या येणार नाही, बाबा," मुलगा म्हणाला.

"ती कशाला येईल? आपण जायचं. तूही."

कात्रीने माझ्याकडे पाहिलं. "बसलास काय? माईक गुंडाळ, आत्यांकडे लावायचाय."