कोरडं तेल

रामजी जाधवांना लोक सायकलवाले म्हणून ओळखत, पण त्यांची पहिली नोकरी यंत्रांना तेल घालणाऱ्या तेलवाल्याची होती. एकोणिसाव्या वर्षी ते परळच्या एका गिरणीत लागले. हातात लांब चोचीची बुधली, कमरेला चिंधी. सूत कातणाऱ्या चात्यांना पातळ तेल, गिअरला दाट, हे त्यांना झोपेतसुद्धा पाठ होतं. ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला. तो कधी मिटला असं कुणी सांगितलंच नाही. चार वर्षं वाट पाहून रामजींनी नायगावच्या बीडीडी चाळींच्या रस्त्यावर पत्र्याचं सायकल दुकान टाकलं. तिथेच केस पांढरे झाले.

संपाच्या आदल्या वर्षाची एक गोष्ट मात्र त्यांनी बायकोला, सुभद्रालाही, सांगितलेली नव्हती. कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात कापसावर तेलाचे डाग पडतात म्हणून जॉबरने, म्हणजे मुकादमाने, हुकूम केला, "तेल निम्मं घाल." एका मशीनचं बेअरिंग कुरकुरायला लागलं, ते रामजींनी ऐकलं होतं. तीन दिवस ऐकत होते. बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बेअरिंग तापून कापसाच्या तंतूंनी पेट घेतला आणि धोंडू कांबळे नावाच्या कामगाराचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. चौकशी लागायच्या आत संप लागला. पुन्हा कुणी विचारलं नाही.

दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात गुणवंती कोळी दुकानात आली. पंचेचाळिशीची, ठसठशीत बाई. भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन टिळक पुलावरून दादर पश्चिमेच्या बिल्डिंगांत घरपोच द्यायची. मागे बर्फाची पेटी बांधलेली तिची बॅटरीची सायकल रामजींनीच जोडून दिली होती. मोटर पेडलपाशी, म्हणजे मोटरचा सगळा जोर चेनमधूनच मागच्या चाकाला जाणार.

"भाऊ, हे काळं तेल नको," ती म्हणाली. "लुगड्याला लागतं. परवा एका बिल्डिंगीत लादीवर डाग पडले, तर वॉचमन बोलला, सायकल बाहेर ठेव. हे घाला." तिने पिशवीतून बाटली काढली. वर 'ड्राय' लिहिलेलं.

रामजींनी दोन थेंब बोटावर घेऊन चोळले. पातळ, पाण्यासारखं. लावल्यावर वाळतं आणि कड्यांत मेणाचा थर तेवढा उरतो.

"उन्हाळ्यात चांगलं आहे," ते म्हणाले. "धूळ धरत नाही. पण पावसात धुऊन जातं, ताई. पावसाला वेट पाहिजे, दाट. ते पाण्यात टिकतं."

"आणि घाण होतं."

"होतं. रेती धरतं. म्हणून रोज फडक्याने वरून पुसायचं. नाही पुसलं तर तीच रेती कड्या खाते."

"रोज कोण पुसणार? मी मासे विकू का चेन पुसू?"

रामजींनी पुढे वाद घातला नाही. चेन धुतली, वाळवली, एकेका कडीवर एकेक थेंब सोडला आणि रात्रभर सुकू दिली. जून-जुलैत मासेमारीला बंदी. गुणवंती सुकट-बोंबील विकायची, तेही उघडीप बघून. चेन चांगली चालली. तिला वाटलं, आपलंच खरं.

एक ऑगस्टला बंदी उठली आणि पाऊस लागून राहिला. पाच तारखेला सकाळी रामजींनी शटर वर केलं आणि तो आवाज ऐकला. चीं, चीं, चीं. गुणवंती दुकानापुढून जात होती. पेटीच्या भोकातून बर्फाचं खारट पाणी थेट चेनवर ठिबकत होतं.

त्यांनी हात केला. ती थांबली, पण पाय पेडलवरच.

"सुकी पडलीय. थांब, वेट घालून देतो."

"संध्याकाळी, भाऊ. मासळी खराब होईल."

संध्याकाळी ती आली नाही. चार दिवसांनी पंक्चर काढायला आली तेव्हा रामजींनी चेनवर पट्टी धरली. बारा कड्या बरोबर एक फूट भरायला हव्यात. त्या एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त भरल्या. आतल्या खिळ्या झिजल्या होत्या आणि एक कडी गंजून ताठ झाली होती, बोटाने वाकवली तरी वाकेना.

"आता तेलाने भागणार नाही. चेनच बदलावी लागेल. आजच बदलतो."

"नारळी पुनवेनंतर. आता धंद्याचे दिवस आहेत."

ही तुटेल आणि पुलाच्या चढावरच तुटेल, कारण मोटर तिथेच सगळ्यात जास्त ओढते, एवढं त्यांना कळत होतं. ते वाक्य जिभेवर आलंही. पण बाई रागावेल, दुसऱ्या दुकानात जाईल, असं काहीसं मनात येऊन ते म्हणाले, "बघ, तुझी मर्जी." आणि पंक्चर लावून दिलं.

त्यानंतर रोज सकाळी तो आवाज यायचा. ते चहा हातात धरून ऐकायचे. सुभद्रा म्हणायची, "चहा निवतोय." सतरा तारखेला आवाज आणखी कर्कश झाला. अठराला मध्येच कट्ट करून काहीतरी उडी मारल्यासारखं वाजू लागलं.

एकोणीस तारखेला गुणवंती गेली आणि आवाजच आला नाही.

रामजी उठून रस्त्यावर आले. ती सिग्नलला थांबली होती. ते जवळ गेले. चेन चमकत होती, रॉकेलसारखा वास येत होता.

"काय मारलंस याला?"

"भावाने काल स्प्रे मारला, गंजाचा. बघा कशी गप झाली."

"अगं, त्याने गंज सुटतो. उरलंसुरलं तेलही सुटतं. झिजलेली कडी झिजलेलीच राहते. उतर. आज पुलावर चढू नको, ढकलत ने."

"भाऊ, तुम्ही उगाच घाबरवता."

सिग्नल सुटला. ती निघाली. पावसाची सर आली आणि ती पेटीआड दिसेनाशी झाली.

रामजींनी दुकान तसंच उघडं टाकलं आणि भाड्याच्या सायकलवर बसून तिच्यामागे निघाले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, चष्म्यावर पाणी. पुलाच्या पायथ्याशी पोचले तेव्हा वर गाड्यांची रांग थांबलेली दिसली. भोंगे वाजत नव्हते. ते सायकल टाकून चालतच वर गेले.

चेन रस्त्यावर पडली होती. चढावर जोर देताना ती तुटली, पाय झटक्यात खाली गेला, भरलेल्या पेटीने सायकल मागे खेचली आणि गुणवंती डाव्या हातावर पडली. मागच्या टेम्पोने ब्रेक मारला, पण तोवर पुढचं चाक तिच्या मनगटावरून गेलं होतं. पापलेटं पाण्यातून उताराने वाहत होती. ती हाताकडे बघत होती.

रामजींनी तिला टॅक्सीत घालून इस्पितळात नेलं.

तीन महिन्यांनी ते तिच्या घरी गेले. प्लास्टर निघालं होतं, पण बोटं मिटत नव्हती. धाकटी नणंद बकुळा मासळीवर कोयता चालवत होती, गुणवंती बाजूला बसून तिला दाखवत होती.

"मी पंक्चरच्या दिवशीच चेन काढून ठेवायला हवी होती," रामजी म्हणाले. "तुटणार हे मला ठाऊक होतं. नीट बोललो नाही."

"मी ऐकलं असतं का?"

"शिव्या घातल्या असत्यास. पण चेन माझ्याकडे राहिली असती."

मग त्यांनी धोंडूची गोष्ट तिला सांगितली. बेचाळीस वर्षांनी, पहिल्यांदा.  सांगून झाल्यावर गुणवंतीने विचारलं, "तो कुठे असतो आता?"

"मी कधी शोधलं नाही."

तिने मग उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला आणि बकुळाला म्हणाली, "भाऊंना चहा टाक."

बाहेर सायकल उभी होती, गुणवंतीचीच, नव्या चेनची; आता ती बकुळा चालवायची. निघताना रामजींनी वाकून चेनवरून बोट फिरवलं. बोट कोरडंच निघालं, तेलाचा थेंबही नाही.